थंड ऑफिस, तापलेला रस्ता: पातळ कपडे थरांनी घालायचे, पण फुगीर दिसायचं नाही

कपड्यावर कपडा चढवला की माणूस फुगलेला दिसतो, आणि त्याचा दोष बहुतेक वेळा जाडीच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात जाडीचा वाटा किती, हे एका साध्या हिशेबात कळतं. आत अर्ध्या मिलिमीटरचा होजियरी टीशर्ट, त्यावर पाव मिलिमीटरचा शर्ट आणि वर सव्वा मिलिमीटरचं बारीक विणीचं कार्डिगन, अशी एकूण जाडी दोन मिलिमीटर होते. छातीच्या घेरात त्यामुळे भर पडते जेमतेम सव्वा सेंटिमीटरची. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही.

आता दुसरी बाजू बघा. छाती ९६ सेंटिमीटर आहे. अंगात ऐसपैस बेताचा शर्ट आहे, त्याचा घेर ११८. वर अंगाबरोबर बसणारं कार्डिगन, घेर १०४. म्हणजे शर्टाचं १४ सेंटिमीटर कापड कार्डिगनच्या आत कोंडलं गेलं. त्याला जायला जागा नाही, म्हणून ते घड्या घालून बसतं, आणि घडी पडली की एका थराचे तीन थर होतात. काखेखाली, पाठीच्या खळग्यात आणि कोपराच्या आतल्या बाजूला जे गाठोडं दिसतं ते हेच. त्यामुळे सगळा खटाटोप कापडाच्या जाडीपेक्षा घेरावर करायचा आहे. थर तीन असले तरी चालतील, फक्त आतल्या थराचं उरलेलं कापड बाहेरच्या थरात कोंडता कामा नये.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरू: छाती ९६, दंडाचा घेर ३१, बाहेर ३६ अंश, पाऊण तासाचा प्रवास आणि त्यातली वीस मिनिटं पायी, ऑफिसात टेबलापाशी साडेएकवीस अंश, खुर्चीत बसून काम.

आधी कमी पडणारी ऊब मोजा

भिंतीवरच्या एसीच्या आकड्यावर विसंबू नका. तो आकडा जिथे सेन्सर असतो तिथला. साधा खोलीचा थर्मामीटर टेबलावर, उन्हापासून आणि लॅपटॉपच्या गरम झोतापासून दूर ठेवा आणि सकाळी, दुपारी व संध्याकाळी अर्धा तास थांबून आकडा लिहून ठेवा. तिन्हींतला सगळ्यांत कमी आकडा धरून कपडे ठरवायचे.

पातळ लांब बाह्यांचा शर्ट, पातळ पँट, मोजे आणि बूट एवढ्यावर बसून काम करणाऱ्या बहुतेकांना साडेचोवीस अंशांच्या आसपास बरं वाटतं. आपल्या उदाहरणात म्हणून तीन अंशांची ऊब कमी पडते. कपड्यांची ऊब मोजायचं ‘क्लो’ नावाचं एकक आहे. त्याचे तक्ते अंशांत बदलले तर ढोबळमानाने असं निघतं: लांब बाह्यांचं पातळ कार्डिगन दीड अंशाचं काम करतं, आतला पातळ टीशर्ट अर्ध्या अंशाचं, बिनबाह्यांचा पातळ स्वेटर पाऊण अंशाचं, आणि आखूड मोज्यांऐवजी गुडघ्यापर्यंतचे मोजे घातले तर फरक फार तर पाव अंशाचा. गादी आणि भरीव पाठ असलेली खुर्चीसुद्धा अर्ध्या अंशाहून थोडी जास्त ऊब देते, कारण पाठ आणि मांड्या ती झाकते. जाळीच्या खुर्चीत हा लाभ जवळजवळ नाही.

बेरीज करा: कार्डिगन, आतला टीशर्ट, भरीव खुर्ची आणि लांब मोजे मिळून पावणेतीन अंश भरतात. म्हणजे जाड स्वेटरची गरजच नाही. खुर्ची जाळीची असेल तर बिनबाह्यांचा स्वेटर जोडा, हिशेब जमतो. यातलं प्रवासात अंगावर असतं ते आतला टीशर्ट आणि मोजे एवढंच. बाकी सगळं ऑफिसात चढवायचं आणि ऑफिसातच उतरवायचं.

आतला थर: ऊब दुय्यम, घाम आधी

उन्हातून येऊन एसीत बसल्यावर जी हुडहुडी भरते तिला खोलीच्या तापमानाइतकाच ओला कपडा जबाबदार असतो. वीस ग्रॅम घाम, म्हणजे चहाचे चार चमचे, कपड्यात मुरला आणि ऑफिसात वाळला, तर तो वाळायला साधारण ४८ किलोज्यूल उष्णता लागते. शांत बसलेलं शरीर सेकंदाला सुमारे शंभर ज्यूल उष्णता तयार करतं. म्हणजे आठ मिनिटांची सगळी कमाई त्या वीस ग्रॅममध्ये जाऊ शकते. थोडी उष्णता हवेतून येते खरी, पण कपडा पाठीला चिकटलेला असेल तर मोठा वाटा पाठीलाच द्यावा लागतो. वरून कितीही कार्डिगन घाला, आत हे चालू असेपर्यंत ऊब येत नाही.

म्हणून आतला टीशर्ट अंगाला लागून बसणारा, लवचिक आणि पातळ हवा. कापडाच्या वजनाचा आकडा जीएसएममध्ये दिलेला असतो, तो १२० ते १५० च्या दरम्यान असावा. १८० च्या पुढचा टीशर्ट बाहेर घालायचा असतो, आत नाही. बाही आखूड, पण काख झाकणारी असू द्या. बिनबाह्यांची बनियन दिसायला बारीक वाटते, पण काखेतला घाम थेट शर्टात उतरतो आणि दुपारपर्यंत डाग दिसतो.

कापड कोणतं, यावर वाद पुष्कळ होतात. सुती कापड मऊ असतं, पण ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि सावकाश वाळतं. ते घालायचं तर पोचल्यावर बदलायची तयारी हवी. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे झटपट वाळतं, मात्र वास लवकर धरतं. मेरिनोसारखी बारीक लोकर बाष्प स्वतःत मुरवून घेते, ओलसर असतानाही फारशी गार लागत नाही आणि वासही उशिरा धरते, पण धुताना जपावी लागते. मोडाल किंवा लायोसेल ही मधली वाट: गुळगुळीत, त्यामुळे वरचा शर्ट त्यावरून सहज सरकतो. पाऊण तासाच्या प्रवासाला आमचा कौल पातळ लोकरीला किंवा मोडालला. आणि दोन सुती टीशर्ट आलटून-पालटून वापरणाऱ्याचंही काही बिघडत नाही, फक्त बदलायचा आळस करायचा नाही.

रंगाची एक गोष्ट अनेकांची चुकते. पांढऱ्या शर्टाखाली पांढरा टीशर्ट उठून दिसतो, कारण त्याच्या कडेपाशी त्वचा आणि पांढरा यांतला फरक डोळ्याला जाणवतो. स्वतःच्या त्वचेच्या जवळपासचा रंग घ्या, नाहीतर मध्यम करडा. गळा व्ही आकाराचा, आणि शर्टाचं जे बटण उघडं ठेवता त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली जाणारा.

टेप घेऊन बसा

कपड्यावर लिहिलेल्या साइझचा इथे उपयोग नाही. एकाच ‘एम’चे दोन शर्ट दहा सेंटिमीटरनी वेगळे निघतात. कपडा पलंगावर सपाट पसरा, बटणं लावा, हाताने चुण्या मोडा, आणि मुंढ्याच्या खाली अडीच सेंटिमीटरवर आडवं माप घेऊन दुप्पट करा. बाहीचं माप मुंढ्यालगत, बाहीच्या लांबीला काटकोनात घ्या, आणि तेही दुप्पट.

आपल्या ९६ छातीला आतला टीशर्ट ८८ ते ९२ चालतो, कारण विणीचं कापड ताणलं जातं. शर्टाला शिंपी ज्याला लूज म्हणतात ती जागा आठ-दहा सेंटिमीटरची हवी, म्हणजे घेर १०४ ते १०६. यापेक्षा कमी केला तर हात पुढे घेतल्यावर पाठीत ताण येतो. कार्डिगनचा घेर शर्टाच्या घेरापेक्षा दोन सेंटिमीटरहून कमी नको आणि चार सेंटिमीटरहून जास्त नको. म्हणजे शर्ट १०४ असेल तर कार्डिगन १०२ ते १०८ मधलं. खालच्या टोकाला शर्ट थोडा दाबला जातो, वरच्या टोकाला कार्डिगन स्वतःच सैल लोंबतं.

दंडाला हिशेब जास्त कडक आहे, कारण बाहीत चुणी लपायला जागाच नसते. ३१ च्या दंडाला शर्टाची बाही ३६-३७ आणि कार्डिगनची तेवढीच किंवा एखाद सेंटिमीटर मोठी. अर्ध्या दंडापासून मनगटापर्यंत दोनच थर हवेत, हा नियम पक्का धरा. तिसरा थर लागलाच तर तो धडावर, बिनबाह्यांचा. धड उबदार राहिलं की बोटांकडे जाणारा रक्तपुरवठा शरीर आवळत नाही. त्यामुळे बिनबाह्यांचा स्वेटर हातांनाही मदत करतो.

हातात असलेला शर्ट ११२ चा निघाला तर टाकून देऊ नका. पाठीमागे दोन उभ्या डार्ट घालून शिंपी कमरेचा घेर चार ते सहा सेंटिमीटर कमी करतो. छातीला फरक थोडा पडतो, पण फुगवटा जिथे सर्वांत जास्त दिसतो ती कंबर आवळून येते. शर्ट ११८ चा असेल तर मात्र त्याला थरांत घेऊ नका. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते आणि ती दुरुस्ती नवा शर्ट शिवण्याइतकी होते.

कार्डिगन घेताना विणीकडे बघा. प्रकाशासमोर धरल्यावर टाके वेगवेगळे मोजता येत असतील तर वीण जाड आहे. बारीक विणीचं कार्डिगन दोनशे ते अडीचशे ग्रॅमचं असतं आणि गुंडाळून बॅगेच्या कोपऱ्यात मावतं. फुगीर रिब, केबलची नक्षी, मोठे खिसे हे सगळं टाळा. गळा व्ही, म्हणजे कॉलर सपाट बसते. खालची कड पट्ट्याखाली तीन ते पाच सेंटिमीटर. नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर आडवी रेघ आली की माणूस आहे त्याहून रुंद दिसतो.

झोत आहे का, ते आधी पाहा

इथे एक मोठी फसगत होते. विणीच्या कापडाची ऊब त्यात अडकलेल्या हवेची असते आणि वारा लागला की ती हवा निघून जाते. एसीच्या झडपेखाली बसणाऱ्याला म्हणून चांगलं कार्डिगनही निकामी वाटतं. टिश्यू पेपरची एक सेंटिमीटर रुंद, वीतभर पट्टी चिमटीत धरा. मानेजवळ, मग मनगटाजवळ, मग घोट्याजवळ. पट्टी नुसती लोंबली तर झोत नाही. सतत फडफडली तर आहे.

झोत असेल तर थरांचा क्रम उलटा करायचा: उबेची वीण आत आणि घट्ट विणलेलं मागाचं कापड बाहेर. म्हणजे बिनबाह्यांचा बारीक स्वेटर शर्टाच्या आत, टीशर्टवर घालायचा. शर्टाचं पॉपलिन मग वारा अडवतं. याला शर्टात दोन सेंटिमीटर जागा लागते, १०४ ऐवजी १०६ चा शर्ट घ्या. दुसरा पर्याय म्हणजे अस्तर नसलेलं किंवा अर्धं अस्तर असलेलं जॅकेट. बाह्यांना मात्र अस्तर असावंच, नाहीतर शर्टाची बाही आत अडकून गोळा होते. झोत फक्त मानेवर असेल तर एवढा उपद्व्याप नको, पातळ स्कार्फ एकदा गुंडाळला की पुरतो.

पायांकडचा प्रश्न सहसा घोट्यांचा असतो, कारण थंड हवा खाली बसते. पँटच्या आत लेगिंग घालायचा मोह आवरा. ती उन्हात काढता येत नाही आणि सुती पँट तिला धरून ठेवते, त्यामुळे गुडघ्याशी कापड गोळा होतं. गुडघ्यापर्यंतचे पातळ मोजे पुरतात. रस्त्यावर ते पोटरीवरून घोट्यापर्यंत सरकवून ठेवायचे.

पोचल्यावरची पहिली वीस मिनिटं

चूक इथे होते. दारातून आत आल्याबरोबर गार वाटतं, बरं वाटतं, आणि माणूस तसाच बसतो. दहा मिनिटांनी पाठ गार पडते आणि मग ओल्या शर्टावर कार्डिगन चढतं. आत ओल तशीच कोंडून राहते.

१. शरीर आतून तापलेलं असल्याने चालणं थांबल्यावरही काही मिनिटं घाम येत राहतो. पाच-सात मिनिटं जिन्यापाशी किंवा लॉबीत, थेट झोताबाहेर थांबा. शर्टाची बाही रस्त्यावर दुमडली असेल तर आत्ताच खाली सोडा.

२. प्रसाधनगृहात जाऊन मान, काखा आणि पाठीचा खळगा हातरुमालापेक्षा मोठ्या कोरड्या कापडाने टिपा. घासू नका, घासल्याने पुन्हा गरम होतं.

३. टीशर्ट पिळण्याइतका नसला, नुसता दमट असला तरी सुती असेल तर बदला. पॉलिएस्टर किंवा पातळ लोकर असेल तर दहा मिनिटं वाट पाहायला हरकत नाही. काढलेला टीशर्ट जाळीच्या पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बंद केला तर संध्याकाळपर्यंत आंबूस वास धरतो.

४. टीशर्ट आधी पँटमध्ये खोचा, शर्ट नंतर, वेगळा. दोन्ही एकदम खोचले तर वर सरकताना दोन्ही एकत्र सरकतात. शर्टाचं उरलेलं कापड दोन्ही बाजूंच्या शिवणींपाशी चिमटीत धरून मागे वळवा आणि पट्टा लावा.

५. हाताची मागची बाजू शर्टाच्या आत पाठीच्या खळग्याला लावा. त्वचा कोरडी आणि किंचित गार लागली की कार्डिगन घालायची वेळ झाली. दमट लागली तर थांबा. मात्र बोटं गार पडेपर्यंत थांबू नका. एकदा बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या की कार्डिगन घालूनही हात बराच वेळ गारच राहतात.

६. कार्डिगन घालताना शर्टाचा कफ बोटांनी मुठीत धरून हात घाला. शर्ट आखूड बाह्यांचा असेल तर बाहीची कड धरा, नाहीतर ती दंडावर वर सरकते आणि दिवसभर तिथे कडं घातल्यासारखी उंच कड दिसते.

निघताना उलट क्रम: कार्डिगन आधी, निघण्यापूर्वी पाच मिनिटं. रस्त्यावर येऊन काढू म्हणणाऱ्याचा टीशर्ट लिफ्टमध्येच भिजायला लागतो. आत स्वेटर घातला असेल तर त्यासाठी पुन्हा प्रसाधनगृह गाठावं लागतं. झोताच्या व्यवस्थेची ही किंमत आहे, म्हणून ती झोत असेल तरच.

आरशात चुणी कुठे आहे

दोष कुठला ते चुणी सांगते. आरशासमोर सरळ उभं राहून नव्हे, खुर्चीत बसून, हात कीबोर्डवर ठेवतो तसे पुढे घेऊन कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा. दिवसाचे आठ तास तुम्ही याच अवस्थेत असता.

कमरेच्या वर पाठीवर आडव्या चुण्या पडल्या आणि कार्डिगन वर चढत असेल, तर ते नितंबांवर घट्ट आहे. छातीचं माप बरोबर असूनही हे होतं. खालची दोन बटणं उघडी ठेवून पाहा. चुण्या गेल्या तर निदान पक्कं. काखेतून छातीकडे तिरक्या रेषा येत असतील तर कार्डिगनचा मुंढा शर्टाच्या मुंढ्यापेक्षा लहान आहे. ही खोड शिंप्यालाही काढता येत नाही, त्या शर्टाबरोबर ते कार्डिगन घालू नका. पाठीवर गोल फुगा दिसला तर बहुतेक वेळा मापाचा दोष नसतो. सुती कापड सुती कापडाला धरून बसलं आहे, आणि तुम्ही वाकून सरळ झालात तरी शर्ट खाली उतरलेला नाही. आतला टीशर्ट मोडालचा करून बघा, सहसा तेवढ्यावर भागतं. बटणपट्टीवर फटी पडत असतील तर शर्टच अपुरा आहे. वर काही घालून ते झाकलं जाईल, पण आत ताण राहील आणि बसल्यावर बटण सुटेल.

कोपरात जाड गोळा दिसला तर जवळजवळ नक्कीच दुमडलेली बाही आत राहिली आहे.

कार्डिगन ऑफिसातच ठेवणार असाल तर खुर्चीच्या पाठीवर अडकवू नका. दोन टोकांच्या दाबाने खांद्यावर कायमचे उंचवटे येतात आणि मग मापं बरोबर असूनही खांदे विचित्र दिसतात. घडी घालून खणात ठेवा. शर्टावरून घातलेलं कार्डिगन रोज धुवायची गरज नसते, संध्याकाळी काढल्यावर घडी घालण्यापूर्वी दहा मिनिटं पसरून ठेवलं तरी पुरतं. आतला टीशर्ट मात्र एकदा घामेजला की धुतल्याशिवाय पुन्हा अंगावर नको. सुकलेल्या घामातलं मीठ ओल ओढून घेतं आणि दुसऱ्या दिवशी तो टीशर्ट सुरुवातीपासूनच दमट लागतो.